टार्गेट पूर्ण झालं, तरी खात्यात पैसे कमी का? फेल झालेल्या प्लेजचं निवारण

दोन-तीन महिन्यांनी एकदा मला हा फोन येतोच. खरं तर फोन दोन असतात. पहिला आनंदाचा: "दादा, टार्गेट झालं की आपलं! एकशे एक टक्के!" दुसरा दोन-तीन दिवसांनी, त्याच नंबरवरून, पण आवाज उतरलेला. "दादा, पोर्टलवर चार लाख सहा हजार दाखवत होते. आता साडेतीनच्या आतच दाखवायलेत. मधल्या मधी पैसे गेले कुठं?"

पैसे कुठंच गेलेले नसतात. ते अजून आलेलेच नसतात.

मी लातुरात राहतो आणि क्राउडफंडिंग करणाऱ्या, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून काम उभं करणाऱ्या मंडळींची वसुलीची बाजू सांभाळतो. कॅम्पेनचा व्हिडिओ, पोस्टर, भाषण यांत मला गती नाही. कॅम्पेन संपल्यानंतरचे सात-आठ दिवस मात्र माझे असतात. हे लिखाण त्या दिवसांबद्दल आहे, आणि फक्त "सगळं किंवा काहीच नाही" या पद्धतीच्या कॅम्पेनबद्दल. म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम जमली तरच बॅकरकडून, म्हणजे पैसे देऊ करणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, नाही तर एक रुपयाही घ्यायचा नाही. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टरने ही पद्धत जगभर रुजवली. दवाखान्याच्या खर्चासाठी चालणाऱ्या मदतीच्या कॅम्पेन बहुधा अशा नसतात. तिथं जमेल तेवढं लगेच कापलं जातं, त्यामुळे हा घोटाळाही होत नाही.

प्लेज म्हणजे सौदा, पट्टी नव्हे

आमच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा सौदा निघतो, भाव ठरतो, माल वजनकाट्यावर जातो. पण आडत्याने पट्टी करून दिल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात काही पडत नाही. सौदा आणि पट्टी यांच्या मधे काहीही होऊ शकतं, हे यार्डात पोतं उचलणाऱ्या पोरालाही माहीत असतं. कॅम्पेनच्या पानावर वाढत जाणारा आकडा हा सौद्यांचा आकडा असतो. पट्टी शेवटच्या तारखेनंतर होते.

प्लेज म्हणजे पैसे द्यायचं कबूल करणं. ती करताना बॅकर प्लॅटफॉर्मला पैसे घ्यायची परवानगी देतो, पण ही परवानगी एकाच प्रकारची नसते. निवारणाला बसण्याआधी आपल्या प्लॅटफॉर्मवर कोणकोणत्या प्रकारची घेतली जाते ते विचारून घ्या. उपाय त्यावरच ठरतो.

बऱ्याच जणांना वाटतं की कार्डावर रक्कम "होल्ड" केली जाते, हॉटेलवाले खोली देताना करतात तशी. तीस-चाळीस दिवसांच्या कॅम्पेनमध्ये तसं होऊ शकत नाही. कार्डावरचा होल्ड साधारण आठवडाभर टिकतो, मग बँक तो आपोआप सोडून देते. एक तारखेला केलेला होल्ड तीस तारखेपर्यंत धरून ठेवायची सोय कार्डाच्या व्यवस्थेत नाही. म्हणून प्लॅटफॉर्म वेगळी वाट धरतात. प्लेजच्या वेळी कार्ड तपासून घेतात, ओटीपीने मँडेट, म्हणजे नंतर पैसे कापायची परवानगी, नोंदवतात आणि प्रत्यक्ष रक्कम शेवटी मागतात. मधल्या काळात बॅकरच्या खात्यातले पैसे पूर्णपणे मोकळे असतात. तो त्यातून किराणा भरेल, खत आणेल, पोराची फी भरेल. तुमच्या पानावर त्याचे बाराशे रुपये दिसतच राहतात.

इथं भारतातला एक पेच आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा प्लॅटफॉर्मला ग्राहकाचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याजागी टोकन, म्हणजे त्या कार्डाचा बदली क्रमांक असतो. आणि नोंदवलेल्या मँडेटवर पैसे कापायचे असतील तर किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, तिच्यात नकार द्यायची सोयही असावी लागते. रक्कम १५,००० रुपयांच्या आत असेल तर कापताना पुन्हा ओटीपी लागत नाही, वर असेल तर लागतो. ही मर्यादा जून २०२२ मध्ये पाच हजारांवरून पंधरा हजार झाली. हा नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण २४ तासांची सूचना आणि पंधरा हजारांची रेघ, या दोन गोष्टींनीच माझा निम्मा आठवडा खाल्लेला असतो.

दुसरी परवानगी यूपीआयची, एकदाच वापरायचं मँडेट. यात रक्कम खरोखर ब्लॉक होते. शेअर बाजारातल्या आयपीओसाठी यूपीआयवरून अर्ज केला असेल तर हा प्रकार ओळखीचा आहे. पैसे बॅकरच्याच खात्यात राहतात, बचत खात्याचं व्याजही चालू राहतं, पण त्याला ते वापरता येत नाहीत. पिन मँडेट बनवतानाच टाकलेला असतो, त्यामुळे शेवटी पैसे घेताना त्याला काहीच करावं लागत नाही. टार्गेट हुकलं तर प्लॅटफॉर्म मँडेट रद्द करतो, आणि समजा विसरलाच तरी मुदत संपली की ब्लॉक सुटतो.

तिसरा प्रकार म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि टार्गेट हुकलं तर परत करायचे. परवानगी म्हणून ही नावापुरतीच. पण आपल्याकडे काही प्लॅटफॉर्म असंच करतात आणि जाहिरातीत मात्र "टार्गेट झालं तरच पैसे" असं लिहितात. बँकेच्या मेसेजवरून हे लगेच कळतं. "debited" असेल तर पैसे गेले. "blocked" किंवा "lien" असेल तर खात्यातच आहेत पण अडकलेत. "mandate registered" एवढंच असेल तर काहीच हललेलं नाही. कार्ड तपासायला एक-दोन रुपये कापून परत येतात, त्याने कुणी घाबरू नये.

औशाच्या पोरांचा हिशोब

आता एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो. औसा तालुक्यातल्या चार-पाच पोरापोरींनी किल्लारी भूकंपातून वाचलेल्या माणसांच्या आठवणींचा माहितीपट करायचा ठरवला. टार्गेट चार लाख, मुदत १ ते ३० सप्टेंबर. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, म्हणून कॅम्पेनही त्याच तारखेला संपवायची असा त्यांचा हट्ट. भावना म्हणून ठीक. वसुलीच्या दृष्टीने याहून वाईट तारीख शोधून सापडली नसती. ते मी तेव्हाच म्हणालो होतो, पण पोस्टर छापून झाली होती.

३० तारखेच्या रात्री आकडा होता ४,०६,२०० रुपये, बॅकर २८७. त्यातले १७६ जण यूपीआय ब्लॉकवाले, त्यांचे मिळून १,६८,००० रुपये. उरलेले १११ कार्डवाले, त्यांचे २,३८,२०० रुपये.

यूपीआयची वसुली १ ऑक्टोबरला झाली. दोघांची बँक त्या वेळी बंद दाखवत होती, संध्याकाळी पुन्हा मागणी टाकल्यावर तीही आली. १,६८,००० पुरते.

कार्डवाल्यांना १ तारखेला २४ तासांची सूचना गेली आणि २ ऑक्टोबरला कापणी झाली. १११ पैकी ८३ जणांकडून १,७८,४०० रुपये आले. २८ जणांचे ५९,८०० रुपये फेल. म्हणजे कार्डांवरच्या रकमेचा चौथा हिस्सा पहिल्या फटक्यात आलाच नाही, आणि पानावरचा आकडा ३,४६,४०० वर उतरला. दुसरा फोन त्या संध्याकाळचा.

तो त्यांच्यातल्या एका मुलीने केला होता. मी तिला एकच विचारलं, "फेल झालेल्यांची फाइल उतरवली का?" उतरवली नव्हती. बहुतेकांना ती फाइल असते हेच माहीत नसतं. डॅशबोर्डवर "पेमेंट फेल" एवढाच लाल ठिपका दिसतो, कारण फक्त उतरवलेल्या फाइलमध्ये असतं. रांगा साधारण अशा दिसतात:

```
pledge_id,method,amount,status,reason
1147,card,1200,failed,insufficient_funds
1163,card,1200,failed,mandate_cancelled
1172,card,25000,failed,authentication_required
1181,card,5000,failed,card_token_inactive
```

शब्द प्लॅटफॉर्मगणिक थोडे बदलतात, पण शेवटचा रकाना बघितल्याशिवाय कुणालाही फोन लावू नका. सगळ्यांना एकच मेसेज, "तुमचं पेमेंट फेल झालं आहे, कृपया पुन्हा करा", ही सगळ्यात मोठी चूक. ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याला त्या मेसेजने काय करायचं ते कळत नाही, आणि ज्याने फसवणूक समजून मँडेट बंद केलं त्याची खात्रीच पटते की ही फसवणूक आहे.

आमच्या २८ जणांची वाटणी अशी निघाली: खात्यात पैसे नाहीत असे १२ जण, १४,४०० रुपये. मँडेट स्वतःहून बंद केलेले ९ जण, १०,८०० रुपये. कार्ड बदललेले किंवा त्यावरची ऑनलाइन सोय बंद असलेले ६ जण, ९,६०० रुपये. आणि एकटा एकच, २५,००० रुपयांचा.

एकट्यापासून सुरुवात

रकमेने मोठा तो आधी. हे मूळचे औशाचे, पुण्यात नोकरीला. प्लेज करताना त्यांनी ओटीपी टाकला होता, त्यांच्या दृष्टीने काम संपलेलं. पण रक्कम पंधरा हजारांच्या वर, म्हणजे कापतानाही ओटीपी हवा. २ तारखेला सकाळी सहाला बँकेचा मेसेज गेला तेव्हा ते रात्रपाळीहून येऊन झोपले होते. ओटीपीची वेळ संपली, व्यवहार पडला.

याचा उपाय सोपा आहे. त्या माणसाशी आधी वेळ ठरवायची, फोन हातात घ्यायला सांगायचा, मग प्लॅटफॉर्मवरून "पेमेंट दुरुस्त करा" ची लिंक पाठवायची. त्यांनी संध्याकाळी पाच मिनिटांत केलं. पुढच्या वेळी मात्र कुणी पंधरा हजारांच्या वर प्लेज करत असेल तर त्याला यूपीआय ब्लॉककडे वळवा, किंवा शेवटच्या दिवशी ओटीपी लागणार हे त्याच वेळी लिहून कळवा. असा एक माणूस म्हणजे वीस बारीक बॅकर. तो यंत्राच्या भरवशावर सोडू नये.

मँडेट बंद करणारे

हे नऊ जण मला सगळ्यात जवळचे वाटतात. त्यांनी काहीच चुकीचं केलेलं नसतं. एका मेसेजमध्ये बँक म्हणते, उद्या तुमच्या कार्डातून बाराशे रुपये जाणार आहेत, नको असेल तर इथे नकार द्या. खाली नाव असतं प्लॅटफॉर्मच्या कंपनीचं. ना "किल्लारी" हा शब्द, ना माहितीपटाचं नाव. महिन्याभरापूर्वी केलेली प्लेज कुणाच्या लक्षात राहते? आणि सायबर चोरीच्या बातम्या तर रोजच्या पेपरात.

उदगीरच्या एका निवृत्त गुरुजींना मुलीने स्पीकरवर फोन लावला, मी शेजारी बसलो होतो.

"गुरुजी, तुम्ही आमच्या माहितीपटासाठी बाराशे रुपये दिले होते ना?"

"दिले होते की बाई. तुमच्यासाठी थोडंच नाही म्हणलं. पण परवा कुठल्या तरी कंपनीचा मेसेज आला, बाराशे कापणार म्हणून. नातू म्हणाला आजोबा फ्रॉड असंल, बंद करा. मग मी बंद करून टाकलं."

"गुरुजी, तो आमचाच होता."

थोडा वेळ शांतता. मग गुरुजी म्हणाले, "मग तुमचं नाव का नाही लिहिलं त्यात?"

याला उत्तर नाही. मेसेजमधलं नाव प्लॅटफॉर्मने बँकेकडे नोंदवलेलं असतं, कॅम्पेन करणाऱ्याला ते बदलता येत नाही. पण बँकेचा मेसेज जायच्या आधी आपला मेसेज पोचवणं आपल्या हातात असतं. आता मी प्रत्येकाकडून कॅम्पेन संपल्याच्या रात्रीच पंधरा हजारांच्या आतल्या सगळ्या कार्डवाल्यांना व्हॉट्सअॅप करवतो: उद्या तुमच्या बँकेकडून अमुक कंपनीच्या नावाने अमुक रकमेचा मेसेज येईल, तो आपल्याच माहितीपटाचा आहे, तुम्हाला काहीही करायचं नाही, कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. कंपनीचं नाव बँकेच्या मेसेजमध्ये जसं येतं तसंच्या तसं, अक्षरशः, लिहायचं. नाव काय येतं ते कळत नसेल तर आधी स्वतः पन्नास रुपयांची प्लेज करून बघायची.

बंद झालेलं मँडेट प्लॅटफॉर्मला पुन्हा चालू करता येत नाही. बॅकरनेच नवीन द्यावं लागतं. नऊपैकी सहा जणांनी दिलं. दोघांनी फोन उचलला नाही आणि एक जण म्हणाले की आता राहू द्या. राहू दिलं. प्लेज म्हणजे कर्ज नव्हे, मागे लागण्यालाही मर्यादा असते.

खाती रिकामी असणारे

आता तारखेचा मुद्दा. ३० सप्टेंबर म्हणजे महिनाअखेर. पगारदारांचं खातं त्या दिवशी कोरडं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे पगार काही एक तारखेला पडत नाहीत. शेतकऱ्याचं सोयाबीन अजून रानात, नाही तर नुकतंच मळणीला. आडतीची पट्टी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. वर २ ऑक्टोबरला गांधी जयंती, बँकेच्या शाखा बंद, ज्याला विचारायला जायचं तो जाऊ शकत नाही. पेमेंट सुट्टीच्या दिवशीही चालतात, पण माणसाच्या शंकेला उत्तर शाखेतच मिळतं.

प्लॅटफॉर्म फेल झालेल्या पेमेंटवर पुन्हा प्रयत्न करतो. किकस्टार्टर यासाठी बॅकरला सात दिवस देतं, त्यात पेमेंट दुरुस्त झालं नाही तर ती प्लेज गळते. आमच्या प्लॅटफॉर्मवरही सात दिवस, म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत. दुसरा प्रयत्न त्यांनी ४ तारखेला ठेवला होता. मी मेल टाकून तो ७ तारखेवर ढकलायला लावला, कारण चार तारखेलाही खाती रिकामीच असणार. एवढ्या एका गोष्टीने १२ पैकी ९ जणांचे १०,८०० रुपये आले, कुणाला फोन न करता. तिघांचे आलेच नाहीत.

मात्र ही तारीख प्लॅटफॉर्मकडे मागून घ्यावी लागते, डॅशबोर्डवर तसं बटण नसतं. आणि यूपीआय ब्लॉकवाल्यांच्या मँडेटची मुदत या सगळ्यात बसते की नाही हे कॅम्पेन सुरू होण्याआधीच तपासा. आमची १० ऑक्टोबरपर्यंत होती, म्हणून बँक बंद असलेल्या त्या दोघांकडे पुन्हा जाता आलं. मुदत कॅम्पेनच्या शेवटच्या दिवशीच संपत असेल तर एकच संधी मिळते. ती हुकली की ब्लॉक सुटला.

कार्ड बदललेले

सहा जणांपैकी कुणाचं कार्ड महिन्याभरात हरवून नवीन आलेलं, कुणी मधेच बँकेच्या अॅपमधून ऑनलाइन व्यवहार बंद केलेले. नवीन कार्ड आलं की जुन्या टोकनवरून पैसे येतीलच असं नाही. उपाय एकच, बॅकरने नवीन कार्ड किंवा यूपीआय जोडणं. चौघांनी जोडलं, ७,२०० रुपये आले.

संभाजीनगरची इंजिनीअरिंगची पोरं बाहेरच्या प्लॅटफॉर्मवर बोर्ड गेमला वगैरे प्लेज करतात आणि शेवटी फेल होतं, त्यांचंही बरेचदा असंच काहीतरी निघतं. २०२० पासून नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं, ते अॅपमधून स्वतः चालू करावं लागतं. काही जण प्लेजच्या दिवशी चालू करतात आणि रात्री पुन्हा बंद करतात. पैसे मागितले जाणार महिन्यानंतर! कापणीच्या आठवड्यात ते चालू हवं.

वसुलीच्या घाईत होणारं नुकसान

फेल झालेल्या बॅकरला स्वतःचा क्यूआर पाठवून "इथेच टाका हो" म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्यातल्या एका पोराने तेच केलं. निलंग्याच्या किराणा दुकानदाराने त्याच्या खात्यात बाराशे टाकले, आणि ७ तारखेच्या दुसऱ्या प्रयत्नात प्लॅटफॉर्मनेही बाराशे कापले. दुकानदार भला, पण हिशोबाचा पक्का. चोवीसशे का गेले ते त्याला समजावून पोराच्या खात्यातले बाराशे परत करेपर्यंत दोन दिवस गेले. प्लॅटफॉर्मच्या बाहेरून पैसे घ्यायचेच असतील तर आधी त्या बॅकरची प्लेज प्लॅटफॉर्मवर रद्द झाली असल्याचं डोळ्यांनी बघा, मग क्यूआर पाठवा. क्रम उलटा झाला की दुबार कापणी ठरलेली.

दुसरी तक्रार कॅम्पेन चालू असताना येते, आणि ती नेहमी यूपीआय ब्लॉकवाल्याची असते. त्याच कॅम्पेनमध्ये एका ताईंचे पाच हजार ब्लॉक होते. खात्यात एकूण अकरा हजार दिसत होते, घराच्या कर्जाचा हप्ता आठ हजारांचा. हप्ता बाउन्स झाला, बँकेने दंड लावला, आणि ताई म्हणाल्या, "पैसे तर खात्यात होते!" होते, पण वापरायला सहाच हजार मोकळे. पासबुकातली शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक यात हा फरक पडतो. अशा वेळी बॅकरला प्लेज रद्द करून द्या, मँडेट रद्द झालं की ब्लॉक सुटतो. हप्ता गेल्यावर त्यांनी पुन्हा कार्डाने प्लेज केली. काही सहकारी बँकांच्या खात्यांवर यूपीआयने पैसे पाठवता येतात, पण मँडेट बनत नाही. तिथं बॅकरचा किंवा तुमचा दोष नसतो, त्यांना कार्डाकडे वळवा.

आणि कुणाचे पैसे कापले गेले पण प्लेज नोंदलीच गेली नाही, तर तो फेल झालेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे यूपीआय किंवा ऑनलाइन कार्डाचे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. बॅकरला व्यवहाराचा क्रमांक घेऊन बँकेत तक्रार करायला सांगा. पण टार्गेट हुकल्यामुळे मिळायचा परतावा या नियमात बसत नाही, कारण तिथं व्यवहार फेल नव्हे, पूर्ण झालेला असतो. तो परतावा प्लॅटफॉर्मच्या अटींप्रमाणे येतो.

शेवटचा आकडा

९ ऑक्टोबरच्या रात्री ५९,८०० पैकी ५०,२०० रुपये परत मिळाले होते. आठ जणांचे ९,६०० रुपये गळले. हाती आले ३,९६,६००, म्हणजे टार्गेटपेक्षा ३,४०० कमी. मुलीने घाबरून विचारलं, "दादा, मग आता सगळं परत द्यावं लागंल का?" नाही. यश ठरतं ते शेवटच्या तारखेच्या प्लेजवर, नंतरच्या वसुलीवर नव्हे. किकस्टार्टरवरही हेच आहे: काही पेमेंट गळून रक्कम टार्गेटच्या खाली आली तरी कॅम्पेन यशस्वीच राहते. जमलेले पैसे तुमचे, आणि कबूल केलेला माहितीपट करायची जबाबदारीही तुमचीच.

त्यातून प्लॅटफॉर्म आणि पैसे वळते करणाऱ्या पेमेंट गेटवेचे मिळून सात टक्के, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ३२,७५९ रुपये गेले आणि खात्यात पडले ३,६३,८४१. पोरांचं अंदाजपत्रक बरोबर चार लाखांचं होतं, कारण टार्गेट ठरवताना त्यांनी कॅमेऱ्याचं भाडं, प्रवास आणि एडिटिंग एवढंच मोजलं होतं.

आता कुणी विचारायला आलं की मी कागदावर उलटं गणित मांडतो. हातात चार लाख हवे असतील तर फीचे ८.२६ टक्के धरून ४,३६,००० वसूल व्हायला हवेत. गळतीसाठी मी तीन टक्के धरतो, कार्डवाले जास्त असतील तर पाच. म्हणजे टार्गेट साडेचार लाखांच्या आसपास. मोठं टार्गेट ठेवलं की ते हुकायची भीतीही वाढते, हे खरं आहे. मग अंदाजपत्रक कमी करायचं, फी आणि गळती नव्हे.

औशाच्या पोरांनी सास्तूर गावातलं दोन दिवसांचं शूटिंग एका दिवसावर आणलं आणि ड्रोन सोडून दिला. पुढची कॅम्पेन ते एडिटिंगनंतरच्या खर्चासाठी करणार आहेत. तिची शेवटची तारीख आम्ही डिसेंबरची आठ ठरवली आहे: पगार झालेले असतील, सोयाबीनच्या पट्ट्याही झालेल्या असतील, आणि नऊ-दहा तारखेला बँका उघड्या आहेत का, ते मुलीने कॅलेंडरवर स्वतः बघून घेतलं.